"आज काय काम काढलंत साहेब?"

प्रश्न: मी चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला इंजिनिअर आहे, दोन वर्षं झाली. प्रॉडक्शन आणि मेंटेनन्सच्या लोकांशी संबंध कामापुरतेच, तेही बरेचदा रिजेक्शनवरून तणातणीचे. त्यांच्यात खरोखर चांगलं काम करणारी माणसं आहेत आणि मला ते त्यांना सांगावंसं वाटतं. पण काही चांगलं बोललो की समोरचा हसून म्हणतो, "आज काय काम काढलंत साहेब?" मस्का वाटणार नाही असं कौतुक करायचं कसं?

उत्तर:

त्या हसणाऱ्या माणसाचं निदान बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. गेल्या दोन वर्षांत तुम्ही त्याच्या मशीनपाशी कितीदा गेलात आणि त्यातल्या किती वेळा तुमचं काहीच काम नव्हतं, हे जरा आठवून बघा. क्वालिटीचा माणूस लाइनवर येतो तो लॉट होल्ड करायला, सॉर्टिंगसाठी माणसं मागायला, नाहीतर गाडी भरायची आहे म्हणून घाई करायला. येताना तो एखादं गोड वाक्य बोलतो आणि त्यामागून मागणी येते. हे दहा वेळा झालं की अकराव्या वेळी गोड वाक्य ऐकल्याबरोबर समोरचा मागणीची वाट बघायला लागतो. मी लाइन इन्स्पेक्टर म्हणून सुरुवात केली, पुढे क्वालिटीचा प्रमुख झालो, आता काही वर्षं सुपरवायझरांना शिकवतो. ही तक्रार मी प्रत्येक बॅचमध्ये ऐकतो आणि ती जवळजवळ नेहमी क्वालिटी, प्लॅनिंग किंवा स्टोअर्सच्या लोकांची असते. यांचं रोजचं काम दुसऱ्याच्या हातात अडकलेलं असतं.

एडवर्ड जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६४ साली खुशामतीचा पद्धतशीर अभ्यास मांडला. त्यात त्यानं नेमकी हीच अडचण दाखवली होती. ज्याला समोरच्याची गरज जास्त, त्याला गोड बोलण्याचं कारणही जास्त, आणि त्याच्याच गोड बोलण्यावर संशयही सगळ्यात जास्त. तुमचं वाक्य खरं असलं तरी ते गरजेच्या दिवशी बोललं गेलं तर खोट्याच्या भावात जातं. त्यामुळे शब्द बदलण्याआधी वेळ बदला.

करायचं ते इतकंच. एका फेरीत कौतुक आणि काम दोन्ही न्यायचं नाही. शक्य तर एका शिफ्टमध्येही नाही. काम असेल त्या दिवशी सरळ मागा: "मामा, दीडशे पीस सॉर्ट करायचेत, दोन माणसं तासभर लागतील, कधी देता येतील?" त्याआधी "तुमच्यासारखं सहकार्य कुणी करत नाही" वगैरे जोडू नका. साखर न लावता मागणाऱ्या माणसाचं कौतुक पुढे खरं मानलं जातं, कारण त्याला हवं असतं तेव्हा तो उघड मागतो हे लोकांनी पाहिलेलं असतं. आणि कौतुक करायला जाल त्या दिवशी बोलून झालं की परत फिरा. तिथे रेंगाळलात की समोरचा पुढच्या वाक्याची वाट बघतो. तुमचा जुना हिशोब फिटायला वेळ लागेल. माझ्या पाहण्यात महिना-दीड महिना तरी जातो. तोवर "काय काम काढलंत" ऐकावं लागेल, ते ऐकून घ्या.

आता काय बोलायचं. बहुतेक जण इथे चुकतात, कारण त्यांना वाटतं की कौतुक म्हणजे शब्दांचं काम. ते आधी बघण्याचं काम आहे. गाण्याच्या बैठकीला बसला असाल तर हे पटेल. जाणकार श्रोता सारखा वाहवा करत नाही. गायकानं एखादी अवघड जागा घेतली की त्याच क्षणी त्याच्या तोंडून "वा" येतं आणि गायक एकदा त्याच्याकडे बघतो. ती दाद गायकाला भिडते, कारण कुठे काय अवघड होतं ते या माणसाला कळलं. भलत्याच ठिकाणी मान डोलावणारा मात्र लगेच उघडा पडतो. शॉपफ्लोअरवर अगदी हेच चालतं. दाद द्यायची असेल तर जागा कळली पाहिजे.

तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण घेऊन सविस्तर सांगतो. समजा एका भागाला २५ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक आहे, मर्यादा शून्य ते अधिक २१ मायक्रॉन. ऑपरेटर दर पाचव्या पीसला प्लग गेज घालतो आणि ठरलेल्या वेळी डायल बोअर गेजनं रीडिंग घेऊन लिहितो. सेकंड शिफ्टला रात्री नवाच्या सुमारास गेजची गो बाजू त्याला जड जातेय असं वाटलं. गेज जात होता, म्हणजे नियमानं पीस पास होता. तरी त्यानं मशीन थांबवलं आणि रीडिंग घेतलं. तासाभरापूर्वी रीडिंग अधिक ११ होतं, आता अधिक ३. कापणारा इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर लहान होत जातो, हे तर रोजचंच आहे, त्यासाठी मशीनला थोडा ऑफसेट देऊन माप सावरतात आणि पुढे चालू करतात. पण एका तासात आठ मायक्रॉन हे त्याला जास्त वाटलं. त्यानं दार उघडून इन्सर्ट बघितला तर कड उडालेली. त्यानं इन्सर्ट बदलला, नवा पहिला पीस मोजून घेतला आणि मग शेवटच्या चांगल्या रीडिंगनंतर निघालेले सगळे ३८ पीस परत मागे घेऊन एकेक मोजले. चार पीस मर्यादेच्या खाली निघाले. बोअर लहान असल्यामुळे ते पुन्हा मशीनवर घेता येण्यासारखे होते, ते त्यानं रिवर्कच्या ट्रेमध्ये ठेवले आणि रजिस्टरला वेळ, रीडिंग आणि टूल बदलल्याची नोंद केली.

सकाळी तुम्ही येता, रजिस्टर वाचता, आणि तो पुन्हा ड्युटीवर आला की त्याला म्हणता, "काल एक नंबर काम केलंस." मनापासून म्हणता. पण त्याला यातून काय कळलं? त्यानं रात्री तीन निर्णय घेतले होते. गेज जात असतानाही थांबला, हा पहिला. ऑफसेट देऊन वेळ मारून न नेता इन्सर्ट उघडून बघितला, हा दुसरा. तिसरा निर्णय म्हणजे त्या पीसपासून पुढचं बघू असं न म्हणता तो शेवटच्या चांगल्या रीडिंगपर्यंत मागे गेला. पहिले दोन हुशारीचे आहेत. तिसऱ्याची किंमत त्यानं खिशातून दिली, कारण मोजण्यात गेलेल्या वेळानं त्याच्या शिफ्टचा आकडा कमी आला आणि त्याबद्दल त्याला त्याच्या सुपरवायझरला उत्तर द्यावं लागलं असणार. अवघड जागा ही होती. "एक नंबर" या शब्दात ती कुठेच नाही.

मी असतो तर असं बोललो असतो: "काल रात्रीचं रजिस्टर वाचलं. गेज जात असताना तू थांबलास, आणि आकडा कमी येणार हे माहीत असून ३८ पीस मागे घेतलेस. त्यामुळे आज सकाळी मला तीनशे पीसची पेटी उघडावी लागली नाही." एवढंच, आणि मग निघून गेलो असतो.

या बोलण्यात त्याचं वर्णन करणारा एकही शब्द नाही. हुशार, प्रामाणिक, मेहनती, यातलं काही नाही. त्यानं काय केलं ते आहे आणि त्यामुळे माझं काय वाचलं ते आहे. विशेषणावर वाद घालता येतो. "कसला हुशार, साहेब" म्हणून ते परत करता येतं. ३८ पीस परत करता येत नाहीत, ते रजिस्टरला लिहिलेले आहेत. मस्का आणि दाद यांतला फरक मला तरी इथेच दिसतो: मस्का कुणालाही लावता येतो आणि तोच उद्या दुसऱ्यालाही लावता येतो. वरचं वाक्य त्या माणसाशिवाय आणि त्या रात्रीशिवाय कुठेच बसत नाही. बोलण्याआधी स्वतःला हीच परीक्षा घाला. हेच वाक्य शेजारच्या मशीनवरच्याला जसंच्या तसं लागू पडत असेल तर अजून तुमचं बघून झालेलं नाही.

माणसाला चिकटवलेल्या विशेषणांचा आणखी एक तोटा आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचे १९९८ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग पाचवीच्या मुलांवरचे आहेत, कारखान्यातल्या माणसांवरचे नाहीत, पण मला ते कामाच्या जागीही दिसत आले आहेत. "हुशार आहेस" असं ऐकलेली मुलं पुढे अवघड कोडी टाळू लागली आणि कमी पडल्यावर लवकर खचली. "मेहनत घेतलीस" असं ऐकलेली मुलं अवघड कोड्यांकडे वळली. "तुझ्या मशीनवर कधी रिजेक्शन येतच नाही" असं ज्याला तुम्ही चारचौघांत म्हणता, तो पुढच्या वेळी गेज जड गेला तर काय करील? त्याच्या नावाला आता जपायचं काहीतरी आहे. तो पीस लपवायची शक्यता तुम्हीच वाढवलीत. "जड गेज बघून थांबलास" असं ऐकलेला पुन्हा थांबतो.

तुम्हाला जागा कळलीच नसेल तर विचारा. मेंटेनन्सच्या कामात बरेचदा असं होतं, कारण ते आपलं क्षेत्र नाही. "तुम्हाला कसं कळलं की बिघाड तिथेच आहे?" हा प्रश्न अर्ध्याहून जास्त दाद आहे. एक काळजी मात्र घ्यायची. क्वालिटीच्या माणसाच्या तोंडून "कसं झालं?" हे चौकशीसारखं ऐकू येतं, माणूस सावध होतो आणि तोलून मापून बोलायला लागतो. म्हणून कारण आधी सांगा: "लाइन वीस मिनिटांत चालू झाली, मला वाटलं होतं दुपार जाईल. शिकायचं म्हणून विचारतो, कसं ओळखलंत?"

इथे वयाचा आणि मानाचा प्रश्नही येतो. तुम्ही म्हणत नाही, पण तो आहेच. दोन वर्षं झालेला इंजिनिअर आणि पंचवीस वर्षं त्याच लाइनवर काढलेले मामा. "शाब्बास" वरून खाली येते. ती मोठ्यानं लहानाला द्यायची असते. तुम्ही पन्नाशीच्या ऑपरेटरला "छान काम केलंत" म्हणालात तर पेपर तपासून मार्क दिल्यासारखं होतं आणि त्याला ते झोंबतं, भलेही तो हसेल. त्याच्या कामाला मार्क द्यायचा तुम्हाला अधिकार नाही असं त्याला वाटतं आणि कामाच्या बाबतीत ते खरंही असतं. अशा माणसाशी बोलताना निकाल देऊ नका, उपयोग सांगा. "मामा, तुम्ही जॉ घासून घेतलेत त्यानंतर रनआउटचा एकही पीस माझ्याकडे आला नाही" हे चालतं. "मागच्या महिन्यात तुम्ही दाखवलंत तसं मी काल दुसऱ्या लाइनला करून बघितलं, जमलं" हे त्याहूनही चांगलं. माणसाकडून शिकलो आणि ते वापरलं, हे सांगणं ही आपल्याकडची सगळ्यात मानाची दाद आहे, आणि ती खालून वर जाते. बरोबरीच्याशी मात्र तू-मीच ठेवा. एरवी "अरे" म्हणणाऱ्या मित्राला कौतुकाच्या वेळी अचानक "तुम्ही" म्हटलंत की त्याला भाषणाचा वास येतो.

आता कोण ऐकतंय, हा मुद्दा. माझ्या मते मस्क्याचा शिक्का बहुतेक वेळा समोरचा मारत नाही, बाजूला उभा असलेला मारतो. रूस फोंक या डच संशोधक बाईंनी नव्वदीच्या दशकात आणि नंतर यावर चांगलं काम केलं आहे. त्यांना आढळलं की ज्याची स्तुती होते तो ती बऱ्यापैकी मानून घेतो, संशय घेतो तो बघणारा. आणि बघणारा सगळ्यात जास्त चिडतो ते वरच्यांशी गोड आणि खालच्यांशी कडू वागणाऱ्यावर. हे तुमच्या कारखान्यात ताडून बघा. तुम्ही प्लांट हेडच्या प्रेझेंटेशनची तारीफ करता आणि गेज धुऊन जागेवर ठेवणाऱ्या हेल्परशी वर्षभरात एक शब्द बोललेला नसता, तर लाइनवर तुमच्या कुठल्याच कौतुकाला किंमत येणार नाही. सुरुवात हेल्परपासून करा, पॅकिंगच्या ताईंपासून करा, ज्यांच्याकडून तुम्हाला काहीच मिळवायचं नाही त्यांच्यापासून करा. पॅकिंगला लेबल उलटं लागलेलं कुणी पकडलं, तर ते काम इन्सर्ट पकडण्याइतकंच तुमचं डोकं वाचवणारं आहे.

चारचौघांत बोलण्याबद्दल मी आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सावध आहे. त्याला कारण घडलं. एका कारखान्यात असताना रात्री आमची लाइन बंद पडली आणि पहाटे चालू झाली. सकाळच्या मीटिंगमध्ये मी फिटरचं नाव घेऊन भरपूर बोललो, टाळ्याही झाल्या. बिघाड शोधला होता इलेक्ट्रिशियननं. सेन्सरची वायर आतून तुटलेली त्याला दोन तासांनी सापडली होती, फिटरनं शेवटी कव्हर बसवून मशीन चालवून दाखवलं होतं, आणि मला फक्त शेवट दिसला होता. इलेक्ट्रिशियन मीटिंगमध्येच उभा होता. तो काही बोलला नाही. पुढे काही आठवडे आमच्या विभागाच्या कामाला त्याच्याकडे वेळ नसायचा आणि मला कारण कळेना. शेवटी फिटरनंच मला बाजूला घेऊन सांगितलं, त्याचंही मन त्याला खात होतं. मी इलेक्ट्रिशियनला आधी एकटं गाठून चूक कबूल केली. मग ज्या मीटिंगमध्ये चूक झाली होती त्याच मीटिंगमध्ये पूर्ण हकिकत नावांसकट सांगितली. एकट्यात मागितलेली माफी पुरली नसती, कारण अपमान दहा जणांसमोर झाला होता.

तेव्हापासून मी चारचौघांत नाव घेण्याआधी "याला अजून कोण होतं?" हे त्या माणसालाच विचारतो. चांगला कारागीर असेल तर तो लगेच दोन नावं सांगतो आणि त्याला बरंही वाटतं. दुसरी गोष्ट, आपल्याकडे एकट्याचं नाव चारचौघांत वारंवार घेतलं की तो "साहेबांचा माणूस" होतो. जेवणाच्या सुट्टीत त्याची थट्टा सुरू होते आणि तो तुम्हाला टाळायला लागतो. युनियन मजबूत असेल तर जास्तच. म्हणून नियम म्हणून मशीनपाशी एकट्यात बोला. मीटिंगमध्ये बोलायचंच तर काम सांगा, त्या कामात हात असलेल्या सगळ्यांची नावं सांगा आणि त्या माणसाला आधी कल्पना द्या.

एकट्यात बोलण्यापेक्षाही चांगला रस्ता म्हणजे त्याच्या पाठीमागे बोलणं. त्याच्या सुपरवायझरला दोन ओळींत कळवा, कामाची घटना आणि तुमचा झालेला फायदा. ते फिरून त्याच्या कानावर जातं. त्यात मस्क्याचा संशय उरत नाही, कारण तो समोर नसताना तुम्ही बोललात. वरच्या उदाहरणात तर ते गरजेचंच आहे. आकडा कमी आला म्हणून सुपरवायझर त्याला बोलला असेल, तर तुमचं एकट्यातलं कौतुक त्याला परवडणारं नाही. "३८ पीस मोजण्यात वेळ गेला तो माझ्या खात्यावर धरा, त्यानं तीनशे पीसचं सॉर्टिंग वाचवलं" असं तुम्ही प्रॉडक्शनला सांगितलंत तर ते कौतुक त्याच्या उपयोगी पडतं.

याला जोडून एक काम सुचवतो, क्वालिटीच्या माणसाला ते सहज करता येतं. आपल्या कागदांवर माणसाचं नाव केव्हा येतं ते बघा. रिजेक्शन नोट, होल्ड टॅग, ग्राहकाच्या तक्रारीवरचा आठ टप्प्यांचा रिपोर्ट, सगळीकडे नाव येतं ते चुकीबरोबर. ज्यानं दोष पकडला त्याच्या नावाला आपल्या फॉर्मवर जागाच नसते. आम्ही रिजेक्शन रजिस्टरला एक रकाना वाढवला: "कोणी, कशावरून ओळखलं." "गो गेज जड गेला", "आवाज बदलला", "चिप निळी यायला लागली" अशा नोंदी त्यात येऊ लागल्या. यानं दोन गोष्टी होतात. तुम्हाला बोलायला खरी सामग्री मिळते, आठवणीवर भिस्त राहत नाही. आणि ऑपरेटरला क्वालिटीच्या कागदावर आपलं नाव चांगल्या कारणासाठी लिहिलेलं दिसतं. पण या नोंदी मोजून बक्षीस देऊ नका. बक्षीस लागलं की रकाना भरण्यासाठी नोंदी यायला लागतात आणि तो निकामी होतो.

शब्द जमले नाहीत तर, या भीतीनं पुष्कळ जण गप्प राहतात. तुमच्या प्रश्नातही ती भीती दिसते. शुआन झाओ आणि निकोलस एप्ली यांचा २०२१ सालचा एक अभ्यास मी वर्गात सांगतो. कौतुक करणारा आपण नीट बोलू का, बोलणं अवघडल्यासारखं होईल का, याची काळजी करत बसतो. ऐकणारा त्यातला जिव्हाळा टिपतो, आणि करणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा ऐकणाऱ्याला जास्त बरं वाटतं. तेव्हा घटना खरी आणि नेमकी असेल तर वाक्य अडखळलं तरी चालतं. उलट घोटून पाठ केलेलं वाक्य सुपरवायझरांच्या तोंडी मी ऐकतो तेव्हा मला ते लगेच ओळखू येतं, लाइनवरच्यांनाही येत असणार.

काही ठिकाणी मात्र बोलूच नका. त्या माणसाचा ओव्हरटाइम अडकलेला असेल, बदलीचा किंवा पगारवाढीचा वाद चालू असेल, तर कौतुक त्याला भरपाईसारखं वाटतं, तेही स्वस्तातली. आधी तो प्रश्न ज्याच्याकडे सुटेल त्याच्याकडे न्या. दुसरं, धोका पत्करून केलेल्या कामाचं कौतुक कधीच करायचं नाही. दाराचा इंटरलॉक बायपास करून कुणी रात्रीत माल काढून दिला आणि तुमचा डिस्पॅच वाचला, तर तुम्हाला सुटल्यासारखं वाटेल आणि तोंडातून "वाचवलंस" निघेल. ते निघालं की उद्या दुसराही बायपास करणार. सलग दोन शिफ्ट थांबलेल्याचंही तसंच. त्याला घरी पाठवा, त्याचे आभार माना आणि त्याच्यावर ही वेळ का आली ते दुरुस्त करायला घ्या. तिसरं, कौतुकाला "पण" जोडू नका. "काल मस्त पकडलंस, पण रजिस्टरला इन्सर्टचा नंबर लिहायचा राहिला" असं म्हटलंत की पहिला भाग पुसला गेला. नंबर लिहायचा राहिला हे सांगायचंच आहे, तर ते दुसऱ्या दिवशी, वेगळं, साध्या आवाजात सांगा. ज्या माणसाला तुम्ही चूक सरळ सांगता, तो तुमचं कौतुकही सरळ घेतो.

आणि हे लागू पडतंय की नाही हे कसं ओळखायचं? "थँक्यू" आलं की नाही यावरून काही कळत नाही. तो पुढे काही जोडतो का ते बघा. मस्का वाटला असेल तर माणूस विषय बदलतो, शेजाऱ्याकडे बघून डोळे मिचकावतो किंवा तुम्हालाच उलट फुलं वाहतो. दाद लागली असेल तर तो कामाबद्दल बोलायला लागतो: "हो ना साहेब, मला आधी वाटलं मशीन तापलं म्हणून असेल, पण दुपारपासून आवाज जरा वेगळा होता…" तिथे थांबा आणि ऐका. त्यातून तुम्हाला त्या मशीनबद्दल असं काही कळतं जे कुठल्याही चार्टवर येत नाही. आणखी काही आठवड्यांनी दुसरी खूण दिसते: तुम्ही न विचारता तो तुमच्याकडे संशयाचा पीस घेऊन येतो. पूर्वी तो पीस तुम्ही पकडेपर्यंत ट्रेमध्ये राहिला असता.

उद्यापुरतं सांगायचं तर रात्रीच्या शिफ्टचं रजिस्टर घ्या आणि त्यात एखादी जागा सापडते का ते बघा. सापडली नाही तर उद्या कुणाशी काही बोलू नका, परवा पुन्हा वाचा. सापडली तर त्याच्या मशीनपाशी जा, मशीनच्या सायकलला अडथळा होणार नाही असं उभं राहा आणि दोन वाक्यांत सांगा. तो "आज काय काम काढलंत?" म्हणालाच, तर "काही नाही, एवढंच सांगायचं होतं" म्हणा आणि खरोखरच परत या. वाटेत डिस्पॅचच्या पेटीची आठवण झाली तरी त्यासाठी त्याच्याकडे वळू नका, ते त्याच्या सुपरवायझरला फोन करून विचारा.